लाल की पांढरी: हिशोब लिहून ठेवलाय, चहा घेत वाचा

अहो, तुम्ही सेकंड शिफ्ट करून याल तेव्हा मी झोपलेली असेन आणि सकाळी तुम्ही झोपलेले असाल, आणि समोरासमोर बसलो की आपलं पाच मिनिटांत "तुला गाडीतलं काय कळतं" वर येतं, म्हणून हे लिहूनच ठेवते. रविवारी बुकिंगचे 21,000 भरायचेत, त्याआधी एकदा पूर्ण वाचा. मधेच फोन करू नका.

आधीच सांगते, लाल गाडी मलाही आवडली. तुम्ही तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होतात तेव्हा अगदी लग्नातल्या फोटोसारखे दिसत होतात, आणि तिचा फोटो तुमच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर आलाय हेही मला दिसलंय. पण दोन्ही कोटेशनं घेऊन मी काल ऑफिसातून आल्यावर बसले, आठ ते साडेदहा, आणि दिवसभर लोकांची व्हाउचर बघणारी बाई आहे मी, मला आकडे दिसले की राहवत नाही.

पांढरीची एक्स-शोरूम 8,45,000. रोड टॅक्स 8 टक्के म्हणजे 67,600, इन्शुरन्स 38,400, नंबर प्लेट, फास्टॅग वगैरे 2,400. ऑन-रोड 9,53,400. लालची एक्स-शोरूम 13,90,000, आणि दहा लाखांच्या वर गेल्यामुळे आपल्याकडे रोड टॅक्स 8 नाही, 10 टक्के, म्हणजे 1,39,000, इन्शुरन्स 57,500, बाकी तेच 2,400, वर टीसीएस 13,900. एकूण 16,02,800. टीसीएस रिटर्न भरला की परत मिळतो म्हणून तो सोडून देते, तरी फरक 6,35,500. (दोघांनीही "हँडलिंग चार्ज" म्हणून काहीतरी लावलं होतं, ते मी तिथल्या तिथे पेनाने खोडायला लावलं, त्याचे आभार नंतर माना.)

आता तुम्ही म्हणता ना की सहा लाख जास्त दिले तर सहा लाखांची गाडी जास्त मिळते, तिथेच तर गंमत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्क्यांत, त्याच्या बाहेर गेली की 40 टक्के. पांढरी 3.99 मीटर आणि 1197 सीसी, म्हणजे काठावर पण आत. लाल 4.33 मीटर, 1497 सीसी, म्हणजे बाहेर. मी दोन्हींतून टॅक्स काढून पाहिला. पांढरी मूळ सुमारे 7,16,000 ची, त्यावर 1,29,000 जीएसटी. लाल मूळ सुमारे 9,93,000 ची, त्यावर 3,97,000. म्हणजे खरी गाडी आपल्याला पावणेतीन लाखांची जास्त मिळतेय आणि जवळपास तेवढाच टॅक्स जास्त भरतोय, वर रोड टॅक्सचे 71,400 वेगळेच. तो पैसा ना सीटमध्ये आहे ना सनरूफमध्ये. विकताना तो कोण परत देणार आहे?

लोनचं. जुनीचे एक्स्चेंजमध्ये 1,20,000 धरले आणि आपल्याकडचे 3,30,000, असे साडेचार लाख डाउन पेमेंट. पांढरीला लोन पाच लाख, 9 टक्क्यांनी पाच वर्षं, ईएमआय 10,379. लालला लोन साडेअकरा लाख, पाच वर्षांना ईएमआय 23,872. तो शोरूमवाला मुलगा मला सारखा "मॅडम, महिन्याला फक्त साडेअठरा हजार" म्हणत होता ना, ते सात वर्षांचं होतं, ते त्याने दोनदा विचारल्यावर सांगितलं. सात वर्षांत नुसतं व्याज 4,04,000 च्या आसपास जातं. पांढरीचं पाच वर्षांचं व्याज 1,22,750. आणि सात वर्षांनी आपली पिल्लू चौदाची असेल, नववीत, तेव्हा ट्यूशनचा खर्च किती असतो ते तुमच्या बहिणीला विचारा.

घराचा हप्ता 21,400 आहेच. आपल्या दोघांचं मिळून हातात 92,000 येतात. लाल घेतली तर पाच वर्षांच्या हिशोबाने दोन्ही हप्ते मिळून 45,272, म्हणजे पगाराचा निम्मा भाग एक तारखेलाच गेला. पांढरीत 31,779. माझ्या ऑफिसात असे कागद घेऊन येणारी माणसं मी रोज बघते, पगार चांगला असतो पण वीस तारखेनंतर क्रेडिट कार्डावर किराणा. मला तसं नकोय.

आता पेट्रोल. मी मागच्या वर्षीची सर्व्हिसची बिलं काढून किलोमीटर पाहिले, वर्षाला 8,800 झालेत. तुम्हाला वाटतं आपण खूप फिरतो. फिरत नाही आपण! पिथमपूरला तुम्ही कंपनीच्या बसने जाता, मी अॅक्टिव्हाने, गाडी निघते ती रविवारी, नाहीतर आईंना डॉक्टरकडे न्यायचं असेल तेव्हा. शहरात पांढरी खरोखर 17 देईल आणि लाल 12, हे मी कंपनीच्या ब्रोशरचं नाही लिहिलं, दोन्ही गाड्या चालवणाऱ्यांना विचारून लिहिलंय. 107 रुपये लिटर धरला तर पांढरीला वर्षाचे 55,400 आणि लालला 78,500. वर्षाला साधारण 23,000 चा फरक, पाच वर्षांत 1,15,000.

इन्शुरन्समध्ये एक गोष्ट बघण्यासारखी आहे. थर्ड पार्टी दोघींचं सारखंच आहे, तीन वर्षांचे 10,640, कारण दोन्ही 1000 ते 1500 सीसीच्या स्लॅबमध्ये येतात. फरक सगळा ओन डॅमेजचा, पुढची चार वर्षं साधारण 12,000 दर वर्षी. सर्व्हिसच्या शीटमध्ये पाच वर्षांचे 29,000 आणि 46,000 लिहिलेत.

तुमचा मुद्दा बरोबर आहे की लाल विकताना जास्त येतील, तो मी सोडला नाहीये. विमावाले चौथ्या ते पाचव्या वर्षाच्या गाडीला निम्मा घसारा धरतात, तोच दोघींना लावला तर पाच वर्षांनी लालचे 6,95,000 आणि पांढरीचे 4,22,500, म्हणजे 2,72,500 लालच्या बाजूने. किमतीचा फरक 6,35,500, व्याजाचा 1,59,600 (पाच वर्षांचंच धरून, सातचं नाही), पेट्रोल 1,15,000, इन्शुरन्स 48,000, सर्व्हिस 17,000. बेरीज 9,75,100. त्यातून ते 2,72,500 वजा केले तरी 7,02,600 उरतात. महिन्याला 11,700. दर महिन्याला, पाच वर्षं, एका सनरूफसाठी, जे उघडून बसायला इंदूरच्या मे महिन्यात कोणी वेडाही बसणार नाही.

बरं, सनरूफचं सोडा, तो टोमणा होता. लाल हायवेला जास्त चांगली आहे, मान्य. भेरूघाटात ओव्हरटेक करताना ती जोर देईल, डिकीत पुण्याला नेतो ते सगळं सामान आणि वर आईंचा लाडूंचा डबा मावेल. पण पुण्याला आपण गाडीने मागच्या वर्षी किती वेळा गेलो? एकदा, दिवाळीत. बाकी दोनदा ट्रेनने, कारण सहाशे किलोमीटर एकट्याने चालवून तुमची कंबर धरते. पाच जण आणि सामान असं एकत्र झालेले दिवस मी कॅलेंडरवर मोजले, नऊ निघाले. नऊ दिवसांसाठी 356 दिवस मोठी गाडी बाळगायची? त्या दिवसांत वर कॅरियर लावू, किंवा ओंकारेश्वरसारख्या ठिकाणी सरळ मोठी टॅक्सी करू. आणि सेफ्टीचं म्हणाल तर सहा एअरबॅग दोन्हीत आहेत, ईएससी दोन्हीत आहे, तिथे पांढरी कमी असती तर मी हे पत्रच लिहिलं नसतं.

आणि तुम्ही आईंसाठी मोठी गाडी म्हणता ना, टेस्ट ड्राइव्हला तुम्ही पुढे होतात, मागे काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. आईंनी एक पाय वर ठेवला, मग दाराचं हँडल धरलं, मग सोडून सीटची पाठ धरली, गुडघा वाकेना, शेवटी मी मागून हात दिला तेव्हा त्या वर चढल्या. आत बसल्यावर साडीच्या निऱ्या नीट करत मला हळूच म्हणाल्या, "ह्याला सांगू नकोस गं, हौस आहे त्याची." पांढरीत त्या सरळ पाठ टेकून बसल्या आणि मग पाय आत घेतले. मी सांगणार नव्हते, पण आता सांगितलंय, त्यांना कळू देऊ नका.

उज्जैनच्या मेळ्याचं तुमच्या आतेभावाने डोक्यात घातलंय ते वेगळं. तिथे 2024 ला आणि 2025 ला रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट होती हे खरंय, लालवर त्याने 69,500 वाचले असते. पण पांढरीवरही 33,800 वाचतात की! त्याने लाल स्वस्त होत नाही, दोन्ही थोड्या कमी होतात, आणि नंबर मग MP09 नाही, MP13 चा येतो, हे त्याने सांगितलं नाही. वर मेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये, जुनीचा इन्शुरन्स जानेवारीत संपतोय. थांबायचं असेल तर थांबू, पण पांढरीसाठी.

आता शेवटचं, जे मला आज संध्याकाळी कळलं आणि म्हणून मी आज लिहायला बसले. मी आपला पोर्च मोजला. पिल्लूने टेपचं एक टोक भिंतीला धरून ठेवलं, मी गेटपर्यंत गेले, 13 फूट 9 इंच. परत मोजलं, तेवढंच. पांढरी 13 फूट 1 इंच, आठ इंच मोकळे राहतात, गेट लागतं. लाल 14 फूट अडीच इंच. म्हणजे तिचं तोंड भिंतीला चिकटवलं तरी साडेपाच इंच शेपूट गल्लीत, गेट उघडं, आणि समोरच्या काकांची स्कूटर रोज रात्री कशी वळते ते तुम्हाला माहितीये. गेट बाहेर सरकवायचं तर नाली मधे येते.

टेप बाहेरच्या पायरीवर ठेवलीय, पोर्चचा लाइट चालू आहे. जेवायच्या आधी मोजून घ्या. भाजी झाकून ठेवलीय, पोळ्या डब्यात, सेव संपलीय.