चार हुतात्मे : पडद्यावरील निवेदिकेसाठी संहिता

सोलापूर. 12 जानेवारीच्या अभिवादन कार्यक्रमात वाचनालयाच्या दालनात दाखवण्यासाठी. अंदाजे अडीच मिनिटं.

संगणकानं तयार केलेल्या निवेदिकेचा चेहरा गंभीर, साडी सुती, मागची भिंत करडी. आपोआप येणारं स्मितहास्य सेटिंगमधूनच बंद करा. ते एकदाही दिसता कामा नये. डोळ्यांची उघडझाप चालू राहू द्या. चौकोनी कंसातलं आणि मधल्या सूचनांतलं काही बोललं जाणार नाही. [थांबा] म्हणजे हे:

```
<break time="900ms"/>
```

दृश्य 1

[पट्टी: हा चेहरा आणि आवाज संगणकानं तयार केलेला आहे]
[हात: समोर गुंफलेले] [नजर: समोर]

नमस्कार.
आज बारा जानेवारी. [उच्चार: जानेवारीचा ज 'जाळं'सारखा]
सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. [उच्चार: चारचा च 'चित्र'सारखा, हु-तात्-म्यां-चा, म्यां म्हणताना ओठ पूर्ण मिटावेत]
याच दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा असते.
गाव माणसांनी भरलेलं असतं.
त्या गर्दीतून दोन मिनिटं इकडे या. [हात: उजवा तळवा हलकेच पुढे, लगेच खाली]

दृश्य 2

[पट्टी: मे 1930]
[हात: खाली, स्थिर]

साल एकोणीसशे तीस.
मिठाचा सत्याग्रह देशभर पसरला होता.
पाच मेला गांधीजींना अटक झाली.
सोलापूर पेटून उठलं. [थांबा]
आठ मेला जमाव रस्त्यावर आला. [उच्चार: जमावचा ज 'जाळं'सारखा]
पोलिसांनी गोळीबार केला.
माणसं मेली. [थांबा]
[मान: किंचित खाली, मग वर]

'माणसं मेली' हे वाक्य मुद्दाम इतकं लहान आहे. त्याला विशेषण जोडू नका, आवाज कापरा करू नका. प्रत्येक ओळ आठ शब्दांच्या आत ठेवली आहे, कारण लांब वाक्यात आपल्या निवेदिकेचे ओठ शेवटच्या तीन-चार शब्दांत आवाजाच्या मागे पडतात.

पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल उरला नाही.
शहर स्वयंसेवकांनी सांभाळलं. [हात: दोन्ही तळवे उघडे, छातीच्या खाली]
बारा मेला मार्शल लॉ लागला. [उच्चार: मार्-शल् लॉ]
लष्कर गल्लीबोळात फिरू लागलं.
गांधी टोपी घालणं हाही गुन्हा ठरला.
तीस जूनपर्यंत हे चाललं. [थांबा]

दृश्य 3

[चौकट: फक्त चेहरा] [हात: चौकटीबाहेर]

पोलिसांच्या हत्येचा आरोप चौघांवर ठेवला गेला.
खटला चालला.
फाशीची शिक्षा झाली. [थांबा]

यानंतर नावं. ही संहिता याच जागेसाठी लिहिली आहे. एका नावासाठी चार सेकंद द्या. हात हलवू नका, मान हलवू नका. 'मल्लप्पा'तला प्पा आणि 'कुर्बान'मधला बा म्हणताना ओठ मिटलेले दिसले नाहीत, तर नाव खोटं वाटतं. ऐकणाऱ्यांत या घराण्यांतली माणसंही बसलेली असू शकतात.

मल्लप्पा धनशेट्टी. [उच्चार: मल्-लप्-पा धन-शेट्-टी, ट्ट जोरकस, ध महाप्राण] [थांबा]
कुर्बान हुसेन. [उच्चार: कुर्-बान हु-सेन, से लांब] [थांबा]
जगन्नाथ शिंदे. [उच्चार: ज-गन्-नाथ, ज 'जीव'सारखा, 'जाळं'सारखा नाही, थ पूर्ण] [थांबा]
श्रीकिसन सारडा. [उच्चार: श्री-कि-सन सार-डा, 'डा' ठसठशीत, हिंदीतल्या 'ड़ा'सारखा नाही] [थांबा]

चार आडनावं. चार वेगळे समाज.
शहर एकच. [थांबा]

[पट्टी: 12 जानेवारी 1931, येरवडा]
एकोणीसशे एकतीस. बारा जानेवारी.
येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. [उच्चार: ये-र-वड्-या-च्या]

साल आकड्यात लिहून आवाजाच्या फाइलमध्ये टाकू नका. यंत्र 'एक हजार नऊशे एकतीस' म्हणतं. आकडे फक्त पट्टीवर.

दृश्य 4

[चौकट: कमरेपर्यंत] [हात: समोर गुंफलेले]

आपल्या शहरात चौघांचे पुतळे आहेत.
तो चौक आपण रोज ओलांडतो. [उच्चार: चौकचा च 'चाक'सारखा]
मुलांना घेऊन एकदा तिथे थांबा.
चारही नावं त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणून घ्या.
आता उभे राहूया. [हात: दोन्ही तळवे सावकाश वर, कमरेच्या वर नाही]

[नजर: खाली] [निवेदिका स्थिर, ओठ मिटलेले, साठ सेकंद]
या मिनिटात पार्श्वसंगीत नाही. वेळ दाखवणारा आकडाही पडद्यावर नको.

फाइल अंतिम करण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जुन्याजाणत्या माणसाला फक्त आवाज ऐकवा, चित्र न दाखवता. नावांपाशी त्यांनी भुवई उंचावली, तर ती ओळ पुन्हा तयार करा. धनशेट्टी आणि सारडा ही दोन नावं आधी ऐकवा, कारण यंत्र तिथंच सगळ्यात जास्त चुकतं.