विषय : तुमच्या प्लॅनची १००० जीबीची मर्यादा २३ मे रोजीच का संपली आणि स्पीड कधी परत येईल

नमस्कार अण्णा,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "पैसे वेळेवर भरतो, अनलिमिटेड प्लॅन आहे, मग पंधरा-सोळा दिवसांत नेट रांगायला लागतं कसं?" तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मराठीत लेखी द्या, असंही तुम्ही म्हणालात. तुमच्या कनेक्शनचा ७ मेपासूनचा हिशोब मी सकाळी बसून पाहिला आणि त्यावरून हे लिहिते आहे.

तुमच्या प्लॅनमध्ये ६० एमबीपीएस स्पीडने १००० जीबी मिळतात. तेवढे वापरले की नेट बंद होत नाही, पण स्पीड ४ एमबीपीएसवर येतो. कार्डावर 'अनलिमिटेड' लिहिलंय ते या अर्थाने, की कनेक्शन तुटत नाही आणि जादा वापराचं बिल लागत नाही. १००० जीबीचा आकडा त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे. तो पुढेच, त्या शब्दाशेजारी, ठळक छापला पाहिजे असं माझं स्वतःचं मत आहे आणि तसं मी वर कळवलंही आहे.

आता १००० जीबी गेले कुठे? आम्हाला फक्त वेळ आणि आकडा दिसतो, तुम्ही काय पाठवलं किंवा पाहिलं ते दिसत नाही. ७ ते २३ मे या काळात डाउनलोड आहे २६४ जीबी आणि अपलोड ७३६ जीबी. मर्यादेत दोन्ही धरले जातात. घरगुती गिऱ्हाइकाचं अपलोड इतकं थोडं असतं की हा नियम त्याच्या कधी लक्षातच येत नाही. तुमच्या स्टुडिओचं मात्र सगळं गणित त्यावरच फिरतं.

१४ तारखेच्या रात्री ११ पासून सकाळपर्यंत २१२ जीबी वर गेले. १८ च्या रात्री ८८ जीबी गेले आणि पावणेतीनच्या सुमारास लाईन तुटली. त्या रात्री नंदगड फीडरला वळवाच्या पावसात लाईट गेली होती. २० च्या रात्री पुन्हा २३० जीबी. नंदगडच्या लग्नाचं शूटिंग तुम्ही एकाच मोठ्या झिप फाईलमध्ये बांधून कोल्हापूरच्या एडिटरला पाठवत होतात, असं तुम्हीच सांगितलंत. ब्राउझरमधून चाललेलं अपलोड मध्येच तुटलं की बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे १८ तारखेचे ८८ जीबी मोजले गेले आणि हाती काहीच लागलं नाही. तीन रात्रींचे मिळून झाले ५३० जीबी.

दुसरं म्हणजे दुकानाच्या दारावरचा कॅमेरा. आमच्या ऑफिसच्या मुलाने परवा तुमच्यासमोर राउटर उघडून पाहिला, तेव्हा तो कॅमेरा चोवीस तास साधारण १ एमबीपीएसने चित्र वर पाठवत होता. दिसायला किरकोळ, पण दिवसाला जवळपास ११ जीबी होतात. सतरा दिवसांचे १८० च्या आसपास. तो तुम्ही पाडव्यानंतर बसवलात, आणि एप्रिलची पहिली सायकल लग्नसराई नसल्यामुळे ६४० जीबीवर निभावली. उरलेले २५-२६ जीबी मोबाईलमधल्या फोटोंच्या बॅकअपचे असावेत.

मर्यादा ठेवायचीच कशाला, हेही तुम्ही विचारलंत. तुमच्या गल्लीतली ३२ कनेक्शनं एकाच फायबर पोर्टवर आहेत. त्या पोर्टची खाली येणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारी त्याच्या निम्मी, १.२५ जीबीपीएस. सगळ्यांनी एकदम अपलोड लावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० एमबीपीएससुद्धा येत नाहीत. म्हणून वर जाणारा डेटा मोजावाच लागतो, नाहीतर शेजारच्या पोरांचा ऑनलाईन क्लास अडकतो.

रिसेटची तारीख लक्षात ठेवा. तुमची सायकल दर महिन्याच्या ७ तारखेपासून पुढच्या ६ तारखेपर्यंत. या वेळी बिल तुम्ही १० तारखेला भरलंत, म्हणून नवे १००० जीबी १० पासून मिळाले असं तुम्ही धरलं होतं. मोजणी ७ पासूनच चालू होती, कारण पैसे भरण्याच्या दिवसाशी तिचा संबंध नसतो. पुढचा रिसेट ६ जूनची रात्र संपून ७ जून लागताना, रात्री १२ वाजता. उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जात नाही. १२ नंतरही स्पीड ४ वरच दिसला तर राउटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा. जुनं लॉगिन तसंच राहिलं तर जुना स्पीडही तसाच राहतो.

८०० जीबी झाल्याचा मेसेज २१ च्या पहाटे गेला होता, पण तो कन्नड आणि इंग्रजीत, आणि फॉर्मवर लिहिलेल्या तुमच्या मुलाच्या पुण्याच्या नंबरवर. तुम्ही होकार दिलात तर आजच तुमचा नंबर लावते. मराठी मेसेजची सोय आमच्या सिस्टीममध्ये अजून नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गिऱ्हाइकांसाठी ती हवीच आणि मी तिचा पाठपुरावा करते आहे.

आता ७ जूनपर्यंत काय करायचं? ४ एमबीपीएसवर फोन, बँक, व्हॉट्सॅप, साधा व्हिडिओ चालेल. पण तुमच्या कॅमेऱ्याचं १०० एमबीपीएसचं फोरके शूटिंग तासाला ४५ जीबी होतं, ते एका तासाचं पाठवायला पंचवीस तास लागतील. २०० जीबीचा टॉप-अप १५० रुपयांना आहे, ६ जूनच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. ३३०० जीबीचा मोठा प्लॅन आज सांगितलात तर उद्या २६ तारखेपासून लागू होईल, पण या सायकलमध्ये ३१ पैकी १२ दिवसांचेच, म्हणजे सुमारे १२७७ जीबी मिळतील. पैसेही त्याच हिशोबाने.

मला विचाराल तर मोठा प्लॅन घेऊ नका. लग्नसराई जूनमध्ये ओसरेल आणि वर्षभर जास्तीचे पैसे जात राहतील. एक टॉप-अप घ्या. एडिटरला आधी हलक्या कॉपी पाठवा, १० एमबीपीएसच्या केल्या तर तासाला साडेचार जीबीच होतात. एडिटिंग त्यावर होऊ दे, आणि मूळ फुटेजची हार्डडिस्क कोल्हापूरच्या बसने पार्सल करा, सकाळी ठेवली तर दुपारपर्यंत पोचते. एक प्रत मात्र स्टुडिओत ठेवल्याशिवाय डिस्क हातातून सोडू नका, लग्न पुन्हा शूट करता येत नाही. ऑनलाईनच पाठवायचं असेल तर झिप न बांधता क्लिपा सुट्ट्या पाठवा आणि ब्राउझरऐवजी ड्राइव्हचं कॉम्प्युटरवरचं ॲप वापरा, म्हणजे लाईट गेली तरी फार तर एखादी क्लिप पुन्हा जाईल. राउटरला छोटा यूपीएस लावलात तर उत्तमच. कॅमेरा हालचाल दिसेल तेव्हाच रेकॉर्ड करेल असा लावता येतो, त्यासाठी आमचा मुलगा बुधवारी जांबोटी रस्त्याच्या कामावर आहे, येताना तुमच्याकडे थांबेल. त्याचे पैसे नाहीत.

टॉप-अप हवा असेल तर याच मेसेजला 'हो' एवढं लिहा, रक्कम पुढच्या बिलात धरते. अर्ध्या तासात स्पीड ६० वर येईल. नाही आला तर संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसात मी आहे, थेट फोन करा.

तुमची,
बिलिंग आणि तक्रार विभाग, खानापूर ऑफिस
२५ मे