डबीतली सगळी साखर

फोटो बाबांनी काढला होता, दवाखान्यातल्या बोर्डावर लावलेल्या पर्च्याचा. वाटायच्या प्रती संपल्या होत्या, म्हणून मोबाइल डोक्यावर धरून एक क्लिक केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पर्च्यावर ट्यूबलाइट चमकत होती, डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी बाही आली होती आणि मजकूर तिरका, खाली उतरता उतरता बारीक होत गेलेला. त्यावर सगळ्यांनी नमस्काराचे हात पाठवले. आजीनेही पाठवले.

दुपारी सई शाळेतून आली तेव्हा आजी खिडकीशी बसून मोबाइल नाकाला लावून बघत होती.

"मोठं करून बघ ना, आजी. दोन बोटांनी."

"केलं गं. मोठं केलं की दोनच शब्द दिसतात. तिसऱ्यावर जाईपर्यंत ओळ हरवते."

आजीच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला. चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नव्हता. पर्चा मात्र तिच्याच कामाचा होता: रक्तातली साखर एकदम उतरली तर काय करायचं. एकादशीला तिने दिवसभर थोडी भगर आणि रात्री कपभर दूध घेतलं होतं, इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच. पहाटे तीनला घामाने भिजून उठली. जूनचा उकाडा म्हणून तिने पंखा वाढवला. आईला ती स्वयंपाकघरात सापडली, माठाशी, हातात रिकामा पेला घेऊन, काहीतरी भलतंच बोलत. इंदूरच्या रामबागेतल्या त्या जुन्या घरात त्यानंतर कुणी नीट झोपलं नव्हतं.

"मी लिहून देते," सई म्हणाली. "मोठ्ठ्या अक्षरात."

खजुरी बाजारातून बाबांनी ड्रॉइंगच्या शीट आणि काळे मार्कर आणून दिले. सईने पर्चा पहिल्या शब्दापासून उतरवायला घेतला. पर्चा हिंदीत होता, ती घरी बोलतात तसं मराठी करत गेली. पहिल्या पानावर आजाराची माहिती. दुसऱ्यावर कारणं. तिसऱ्यावरही कारणंच. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत शीटचा गठ्ठा झाला होता आणि "उपाय" हा शब्द अजून यायचा होता.

आजीने गठ्ठा मांडीवर घेतला. पहिलं पान तिला वाचता आलं. खूप दिवसांनी काहीतरी न अडखळता वाचलं म्हणून तिचा चेहरा उजळलाही. मग तिने विचारलं, "आता सांग, पहाटे तीनला यातलं कुठलं पान उघडू?"

सई गप्प झाली.

"तुला एक सांगते, बाळा. त्या वेळी डोकं चालत नाही. मला माठ दिसत होता, पेला दिसत होता, पण पुढे काय करायचं ते आठवेना. वाचलं असतं तरी कळलं नसतं. इतकं लांब तर नाहीच."

मोठं अक्षर लिहायला घेतलं की जागा लगेच संपते. मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचा हक्क ज्याच्या अंगाला घाम सुटतो त्याचा. अकरा वर्षांच्या मुलीला हे असं शब्दांत सांगता आलं नसतं. तिने नवी शीट घेतली, आजीच्या पलंगावर चढून बसली आणि म्हणाली, "तू सांग. आधी काय?"

"आधी, मला होतंय ते हेच आहे का, ते."

मग दोघी मिळून पर्च्यातली लक्षणं एकेक घेत गेल्या. थरथर, घाम, धडधड, अचानक भूक, डोकं बधिर होणं. आजीने त्यातली तिला त्या रात्री झाली होती तेवढीच ठेवायला सांगितली. पानावर आलं:

घाम? थरथर? धडधड?
मशीन लाव.
70 च्या खाली असेल तर पुढचं पान.

सत्तरचा आकडा सईने साखर मोजायच्या मशीनच्या पडद्यावर उमटतो तसाच काढला, म्हणजे आजीला दोन्ही शेजारी धरून ताडता येईल. खाली आजीने एक ओळ मागून घेतली: मशीन सापडलं नाही तर थांबू नकोस, साखर घे. हे पर्च्यातही होतं, सगळ्यात बारीक अक्षरात, बाहीच्या अगदी कडेला.

अडचण आली दुसऱ्या पानाला. साखर घेतल्यावर किती मिनिटांनी परत तपासायचं, नेमका तो आकडा ट्यूबलाइटच्या चमकेखाली गेला होता. सईने फोटो मोठा केला, मोबाइल तिरका केला, पांढऱ्या डागापलीकडे काही नव्हतं. "मिनट बाद" एवढंच वाचता येत होतं.

"पाच किंवा पंधरा असेल," बाबा म्हणाले. "पंधरा लिही."

"आणि पंचेचाळीस असलं तर?"

"अगं, इतका वेळ कसा असेल?"

सईने मार्करचं टोपण लावलं. पाच लिहिलं आणि खरा आकडा मोठा असला, तर आजी साखरेवर साखर घेत बसेल. जास्त लिहिलं, तर उतरलेली साखर तशीच राहील आणि आजी वाट बघत बसेल.

आजी आतून म्हणाली, "सोड तेवढी जागा कोरी. पोस्टात असताना मनीऑर्डरच्या फॉर्मवर आकडा पुसट दिसला की मी कधी माझ्या मनाने वाचला नाही. माणसाला परत बोलवायची. मागे रांग ओरडायची. ओरडू दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सई बाबांच्या स्कूटरवर बसून दवाखान्यात गेली. बोर्डासमोर स्टूल ठेवून चढली. काउंटरवरच्या सिस्टरने आधी हटकलं, मग शीट बघितल्या आणि स्वतः ट्यूब बंद करून खिडकी उघडली. मोबाइल पर्च्याच्या बरोबर समोर, ना वर ना खाली, फ्लॅश बंद. या वेळी प्रत्येक ओळ सरळ आली.

"पंद्रह," सईने मोठ्याने वाचलं. "पंद्रह मिनट?"

"हाँ बेटा, पंद्रह. और फिर भी सत्तर से कम आए तो शक्कर दोबारा," सिस्टर म्हणाली. तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अशा वेळी चॉकलेट किंवा मिठाई देऊ नका, त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात चढायला वेळ लागतो. आणि साखर वर आली पण पुढचं जेवण लांब असेल, तर पोळी किंवा दूध-बिस्किट असं काहीतरी खायला लावा, नाहीतर ती परत उतरेल. सईने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि तिलाच वाचून दाखवल्या. रात्रीच्या इन्सुलिनबद्दल आणि उपासाबद्दल बाबांनी डॉक्टरांची वेळ घेतली. ते त्यांच्याशीच बोलायचं होतं.

घरी आल्यावर दुसरं पान पुरं झालं असतं, पण "तीन चमचे साखर" लिहिताना सईचा हात थांबला. कुठला चमचा? साखरेच्या डब्यात आई वाढायचा चमचा ठेवायची, चहाच्या चमच्याच्या तिप्पट तरी मोठा. पर्च्यात "छोटे चम्मच" होतं आणि कंसात पंधरा ग्रॅम. पहाटे तीनला आजी ड्रॉवरमध्ये छोटा चमचा शोधणार?

तिने कुंकवाची असते तशी स्टीलची एक लहान डबी घेतली, चहाच्या चमच्याने सपाट तीन चमचे साखर मोजून घातली आणि झाकण बसवलं. अशा तीन डब्या भरल्या, कारण परत घ्यावी लागली तर? त्या आजीच्या उशाशी पाण्याच्या तांब्याशेजारी बसल्या. मग पानावर चमचा राहिलाच नाही:

एका डबीतली सगळी साखर
पाण्यात घाल. पी.
१५ मिनिटं बस. चालू नकोस.
परत मशीन लाव.

"चालू नकोस" हे आजीचं. "मी माठापर्यंत गेले तिथेच चुकलं," ती म्हणाली.

अक्षरांवर त्यानंतर बरीच मेहनत गेली. जाड मार्करने "घ" आणि "ध" यांची पोटं बुजायची आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटायचा. सईने अक्षर दोन बोटं उंच केलं, रेघ थोडी बारीक केली आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकणार नाही इतकी जागा सोडली. "पी" तिने हिरव्या स्केचपेनने सजवलं होतं. झिरोच्या दिव्यात ते दिसेनासंच झालं, तेव्हा सगळं काळं. आई म्हणाली, लॅमिनेट करून आणू, टिकेल. आजीने प्लास्टिकच्या एका फोल्डरमध्ये पान घालून दिव्याखाली धरलं आणि परत दिलं: "पुन्हा तुझ्या बाबांचा फोटो झाला." चमक अक्षरांवरच येत होती. पानं साधीच राहिली. फाटली तर नवी लिहायची, असं ठरलं.

रात्री सईने परीक्षा घेतली. आजी आडवी, चष्मा काढलेला, झिरोचा दिवा लावलेला. आजीने पहिलं पान घडघडा वाचलं. दुसऱ्यावर हात आपोआप उशाशी गेला आणि डबी उचलली. "असंच," सई म्हणाली.

तिसरं पान उरलं होतं. नव्या फोटोत ते ठळक चौकटीत होतं. सईने लिहून काढलं आणि आजीच्या भिंतीवर लावायला गेली, तेव्हा आजीनेच अडवलं. "हे मी कशी वाचणार? मी तेव्हा शुद्धीत नसेन. हे त्यांच्यासाठी."

पान मग दाराच्या आतल्या बाजूला लागलं, बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर. बाबा हसले, म्हणाले, मला कशाला एवढी मोठी अक्षरं?

"तुम्ही झोपेतून उठून येणार. चष्मा कुठे असतो तेव्हा?" सई म्हणाली. "सांगा, आजी हाक मारूनही उठत नाहीये. काय करणार?"

"साखरेचं पाणी पाजणार."

"नाही! घशात अडकेल. वाचा."

बाबांनी खिशाकडे नेलेला हात खाली घेतला आणि चष्म्याशिवाय वाचायला लागले.

"तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा. १०८ लावा."

"अजून एकदा," आजी पलंगावरून म्हणाली. "सूनबाईलाही बोलाव. तिने पण वाचू दे."