मॅनेजमेंट ट्रेनी भरती: अर्ज क्र. ४७ वरचा अभिप्राय

मॅडम,

जाहिरातीत आपण पदवीला किमान ६० टक्के, सलग आठ आठवड्यांची एक इंटर्नशिप आणि जबाबदारीच्या पदाचा अनुभव मागितला होता. ४७ क्रमांकाची मुलगी तिन्हींत बसते, पण गुण ६२ टक्के असल्याने पहिल्या चाळणीत यादीच्या तळाशी गेली. तिला मुलाखतीला बोलवावं, असं माझं मत आहे.

सहा सेमिस्टरचे गुण असे: ५१, ५३, ५८, ६५, ७१, ७४. सरासरीत हा चढ हरवतो. पहिल्या सेमिस्टरला संख्याशास्त्र राहिलं होतं. ते तिने लपवलेलं नाही.

रेझ्युमेत सगळ्यात वर ठळक अक्षरात आहे, ‘महोत्सवाची मुख्य समन्वयक, ८० स्वयंसेवकांचं नेतृत्व’. याला मी फारसं वजन दिलेलं नाही. कामं कुणी वाटली, पैसे कुणाच्या हातात होते, काहीच कळत नाही. मार्केटिंगच्या इंटर्नशिपमध्ये ‘रणनीती आखली’ म्हणते. चार आठवड्यांत इंटर्न रणनीती आखत नाही, पोस्ट टाकतो.

खरा ऐवज दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे. एका गोदामात दहा आठवडे. संगणकातला साठा आणि रॅकवरचा माल जुळत नव्हता. तिने एक विभाग स्वतः मोजला, तेव्हा परत आलेल्या मालाची नोंद एकदा फाटकावर आणि पुन्हा रॅकवर होत असल्याचं लक्षात आलं. नोंद एकाच ठिकाणी ठेवल्यावर त्या विभागातली तफावत ४.२ वरून १.१ टक्क्यावर आली. आपल्याकडे ट्रेनीला विक्री, गोदाम आणि लेखा विभागात चार-चार महिने काढावे लागतात, आणि गोदामातच बहुतेकांचा धीर सुटतो.

त्याखाली एका ओळीत वसतिगृहाच्या मेसचं खजिनदारपद आहे: वर्षभर हिशेब, दरमहा तो फलकावर, शेवटी जुनी थकबाकी फेडलेली. महोत्सवापेक्षा हे पद मला मोठं वाटतं. चुकलं तर रोज जेवायला बसणारेच जाब विचारणार!

उणं म्हणजे विक्रीचा अनुभव शून्य, आणि ‘उद्दिष्ट’ हा परिच्छेद कुठून तरी उचललेला दिसतो.

तुलनेला यादीत पहिला असलेला अर्ज क्र. ३१: ८१ टक्के, विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष, तीन इंटर्नशिप. पण प्रत्येक चार आठवड्यांची. ‘सलग आठ’ ही अट पाळायची तर तो बसत नाही. सूट द्यायची असेल तर ती सगळ्याच अर्जदारांना द्यावी लागेल. त्यावर तुमचा निर्णय हवा.

मुलाखतीत ४७ ला तीन गोष्टी विचाराव्यात: दुहेरी नोंद आधी कुणाच्या लक्षात आली, बदलाला गोदामातल्या कुणी विरोध केला का, आणि मेसची थकबाकी नेमकी कुणाची होती आणि कशी फेडली. गोदाम विभागाचे प्रमुख पॅनेलवर असतील तर उत्तम. गुरुवारी दुपारी ते मोकळे आहेत.

भरती विभाग