जोडचित्रांचा प्रस्ताव

नमस्कार,

काल तुम्ही दोघांनी विचारलंत, लग्नाला येऊ न शकलेला भाऊ आणि दिवंगत आजोबा कुटुंबाच्या फोटोत आणता येतील का? येतील.

एका जोडचित्राचे ३,५०० रुपये, तीन घेतल्यास ९,०००. निम्मी रक्कम आगाऊ. या किमतीत दोन वेळा दुरुस्ती. पुढच्या प्रत्येक फेरीला ५००. जागा, आकार, रंगछटा बदलणं म्हणजे दुरुस्ती. नवा मूळ फोटो दिलात तर ते नवं काम.

भावाचा फोटो खिडकीजवळ, उजेड डावीकडून येईल असा काढायला सांगा, कॅमेरा छातीच्या उंचीवर. तुमच्या फोटोत सावल्या उजवीकडे पडल्या आहेत. भावाची सावली उलट्या बाजूला पडली की तो चिकटवल्यासारखा दिसतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आजोबांचा पासपोर्ट फोटो खांद्यापर्यंतच आहे, त्यामुळे ते मागच्या रांगेतच उभे राहतील. त्यांच्या चेहऱ्यावर नसलेलं हसू मी आणणार नाही. कुणाला बारीक किंवा गोरंही करत नाही.

सगळे फोटो मिळाल्यावर १२ दिवसांत पहिला नमुना. अल्बममध्ये या चित्राखाली ‘जोडचित्र’ असं बारीक अक्षरात छापेन. नको असल्यास आधी सांगा.