सातेरी गृहोद्योग आता नुसतं ‘सातेरी’

नमस्कार,

या नारळी पौर्णिमेपासून आपल्या बाटल्यांवर आणि पाकिटांवर ‘सातेरी गृहोद्योग, वेंगुर्ले’ऐवजी ‘सातेरी, वेंगुर्ले’ असं दिसेल. दुकानातून कळण्याआधी तुम्हाला आमच्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

खरं तर हे नाव तुम्हीच ठेवलंत. बाजारात येऊन ‘सातेरीचा आगळ आसा काय?’ असंच सगळे विचारतात. ‘गृहोद्योग’ आमच्या बिलांपलीकडे कधी गेलंच नाही.

चित्रही बदललंय. जुन्या लेबलावर माड होता, होडी होती, मावळता सूर्य होता आणि या गर्दीत कुठेतरी रातांबा. छोट्या पाकिटावर आणि फोनवर त्याचा नुसता लाल डाग दिसायचा. आता मधोमध चिरलेला, बिया दिसणारा रातांबा तेवढा ठेवलाय. रंग तोच. ‘सातेरी’ ही अक्षरं आमच्या पहिल्या पाटीवर पेंटरने हाताने काढली होती, तीच उचलली आहेत. त्यातला वर उडालेला वेलांटीचा शेंडाही सरळ केलेला नाही. मागच्या बाजूची सोलकढीची कृती शब्दशः तीच आहे.

नाव बदललं की बाटली बारीक होते आणि भाव वाढतो, हा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: वजन, माप, भाव यांत काही फरक नाही. आगळात रातांब्याची सालं आणि मीठ, बाकी काही नाही. आमसुलांना रसाची पुटं देऊन ती उन्हातच वाळतात. हात त्याच बायकांचे आहेत. संस्था कागदोपत्री जुन्याच नावाने आहे, त्यामुळे लेबलावरचा चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांकही तोच. जुनी बाटली शेजारी ठेवून ताडून बघा.

पैसे पाठवताना फोनवर ‘सातेरी गृहोद्योग’ असंच नाव येईल. खातं तेच आहे, घाबरू नका. ऑर्डरचा नंबरही तोच. ‘नाव बदललं, आता या नव्या खात्यावर पैसे टाका’ असा कुणाचा निरोप आला, तर तो आमचा नाही. पैसे न पाठवता आधी आम्हाला फोन करा.

छापलेली जुनी पाकिटं फेकून देणं जिवावर येतं, ती संपेपर्यंत वापरणार आहोत. त्यामुळे दिवाळीपर्यंत एकाच पार्सलमध्ये जुनं आगळ-लेबल आणि नवं कुळीथ-पिठाचं पाकीट असं मिश्रण येऊ शकेल. आतला माल यंदाचाच असतो. तारीख दोन्हींवर आहे.

मुंबई-पुण्याच्या मंडळींनी गणपतीची ऑर्डर चतुर्थीच्या आठ दिवस आधी कळवावी. गावी येणार असाल तर थेट दुकानातूनच न्या, रिकाम्या काचेच्या बाटल्या परत घेतो.

आपल्या,
सातेरीतल्या आम्ही सगळ्याजणी
वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग