कॅव्हिटेशनवाला उतारा, आपल्या मराठीत

सेकंड इयरच्या पोरांनो, सेंट्रिफ्युगल पंपाच्या चॅप्टरमधला तो अर्ध्या पानाचा उतारा परवा वर्गात वाचला तेव्हा सगळे नुसते माना डोलवत होते, म्हणजे कुणालाच कळलेला नव्हता. म्हणून मराठीत लिहून देतोय. शब्दाला शब्द नाही, अर्थाला अर्थ.

उतारा असा:

पाणी उकळायला उष्णताच लागते असं नाही. दाब पुरेसा कमी केला तर गार पाणीसुद्धा उकळतं. ज्या दाबाला पाणी त्या तापमानाला उकळायला लागतं त्याला बाष्पदाब म्हणायचं, आणि पाणी जितकं गरम तितका बाष्पदाब जास्त. पंप सक्शन पाइपमधून पाणी ओढतो तेव्हा इम्पेलरच्या तोंडाशी दाब फार खाली येतो. तो बाष्पदाबाच्या खाली गेला की तिथंच वाफेचे बारीक बुडबुडे होतात. हे बुडबुडे पाण्याबरोबर पुढं सरकतात, पुढं इम्पेलरमध्ये दाब वाढलेला असतो, तिथं ते एका झटक्यात मिटतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाणी चारी बाजूनं आदळतं. हे धातूला चिकटून झालं तर तिथं मार बसतो, असे असंख्य मार बसून इम्पेलरला खड्डे पडतात. या सगळ्याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येतो, पाणी कमी पडतं, हेड उतरतं.

आता शब्दांचं. कॅव्हिटेशन तसंच ठेवलं, कारण ओरल घ्यायला बाहेरून येणारे सर तोच शब्द विचारणार, आणि त्याला ‘पोकळीकरण’ म्हटलं तर तुमच्या डोक्यात काहीच उभं राहत नाही. हेड, सक्शन, डिलिव्हरी, इम्पेलर, फूटव्हॉल्व्ह हे तर मोटार दुरुस्तीवाला पण म्हणतो, तिथं मराठी शोधणं म्हणजे उगाच त्रास. बाष्पदाब मात्र मराठी घेतला, बाष्प आणि दाब दोन्ही तुम्ही शाळेत शिकलाय, शब्द फोडला की अर्थ बाहेर. पिटिंगला सरळ खड्डे. पुस्तकात इम्पेलरच्या मधल्या तोंडाला ‘आय’ म्हणलंय, ते मी बदललं, कारण सोलापुरात भर वर्गात ‘इम्पेलरची आय’ म्हणलं की पुढचा तास संपला. पेपरात इंग्रजीत eye च लिहा पण.

सगळ्यात जास्त अडलो बुडबुड्यापाशी. आधी ‘फुटतात’ लिहिलं होतं, मग लक्षात आलं की फुटणं म्हटलं की आपल्याला फुगा आठवतो, म्हणजे बाहेरच्या बाजूला. इथं उलटं आहे, बुडबुडा आत दबून नाहीसा होतो. म्हणून ‘मिटतात’. एवढा एक शब्द चुकला तर सगळा उताराच उलटा कळतो.

उताऱ्याचा दुसरा भाग एनपीएसएचचा. याचं लांबलचक नाव मराठीत करायच्या फंदात पडलो नाही, अक्षरंच ठेवली. अर्थ एवढाच की सक्शनच्या तोंडाशी पाणी उकळण्यापासून किती मीटर लांब आहे. सूत्र:

```
NPSHa = Hatm - Hs - Hf - Hv
```

हवेचा दाब मीटरमध्ये, त्यातून सक्शन लिफ्ट, पाइपमधलं घर्षण आणि बाष्पदाब वजा. पुस्तकातलं उदाहरण समुद्रसपाटीचं आहे, 10.3 मीटर धरून. आपण सोलापूरला साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणून 9.8 धरा. समजा शेततळ्यावर पंप बसवलाय, लिफ्ट 5.5, घर्षण 1.0. थंडीत पाणी 20 अंश, बाष्पदाब 0.24 मीटर, उरले 3.06. मे महिन्यात वरचं पाणी 35 अंश झालं की बाष्पदाब 0.58, उरले 2.72. पंपाच्या कंपनीनं 2.9 लागतात म्हणून सांगितलं असेल तर तोच पंप डिसेंबरमध्ये कसाबसा चालतो आणि मे मध्ये खडखडतो. यात उन्हाळ्यात तळ्याची पातळी खाली जाते ते धरलंच नाही अजून, ती मीटरभर उतरली की लिफ्ट 6.5, आणि मग हातात 1.72 च राहतात.

शेवटचं वाक्य पुस्तकात सर्वात गुंतागुंतीचं आहे पण सांगतंय एवढंच: आवाज यायला लागला तर सक्शनचा व्हॉल्व्ह आवळू नका, त्यानं घर्षण वाढून अजून बिघडतं. आवळायचाच तर डिलिव्हरीचा थोडा आवळा, पाणी कमी वाहिलं की पंपाची गरज पण कमी होते आणि घर्षण पण. थ्रॉटलिंग हा शब्द पुस्तकात तीनदा आलाय, मी तिन्ही ठिकाणी ‘आवळणं’ केलंय, पेपरला जाताना तेवढं उलटं करून घ्या.